दोन्ही नॉर्मल, पण बेरीज नॉर्मल नाही: स्प्रेडशीटवर करून बघा

शनिवार-रविवारी सदाशिव पेठेत मी संख्याशास्त्राची शिकवणी घेतो. नवी बॅच आली की पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या वह्या चाळायची माझी सवय आहे. निम्म्याहून जास्त वह्यांमध्ये एक वाक्य लाल चौकटीत सापडतं: "X नॉर्मल, Y नॉर्मल, म्हणून X + Y नॉर्मल." वर्गात फळ्यावर बहुतेक वेळा पूर्ण वाक्य लिहिलेलं असतं, पण वहीत उतरताना त्यातला "स्वतंत्र", म्हणजे एक कळल्याने दुसऱ्याबद्दल काहीच कळत नाही, हा शब्द गळतो. परीक्षेत त्याने फारसं बिघडत नाही, कारण गणितात स्वातंत्र्य गृहीत धरलेलंच असतं. कारखान्यात मात्र बिघडतं. माझंही बिघडलं होतं.

हा लेख घंटेच्या आकाराचा आलेख पाहिलेल्या, माध्य आणि प्रमाण विचलन काढता येणाऱ्या, पण दोन चलांचा एकत्र विचार पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी आहे. पाठ्यपुस्तकात याला प्रसामान्य वितरण म्हणतात. आपण बोलताना म्हणतो तसं इथे "नॉर्मल" म्हणू. सोबत एक्सेल, लिबरऑफिस किंवा गूगल शीट यातलं काहीही उघडं ठेवा. नुसतं वाचून पटतं, पण करून पाहिल्यावर लक्षात राहतं.

आधी भोसरीची गोष्ट

वीसेक वर्षांपूर्वी मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला होतो. एका शाफ्टवर दोन स्पेसर एकाला एक लागून बसायचे. प्रत्येकाची लांबी २० मिलिमीटर, म्हणजे जोडीची ४०. आकडे सोयीसाठी गोल करून सांगतो. प्रत्येक स्पेसरच्या लांबीचं प्रमाण विचलन १० मायक्रॉन होतं, आणि जोडीच्या लांबीला दोन्ही बाजूंना साधारण ४२ मायक्रॉनची सूट होती.

पहिल्या स्पेसरचा हिस्टोग्राम काढला, छान घंटा आली. दुसऱ्याचाही तसाच. दोघांमधलं कोरिलेशन, म्हणजे एक वाढला की दुसरा कितपत वाढतो किंवा घटतो याचा आकडा, काढलं तर जवळपास शून्य. मग हिशोब अगदी सरळ वाटला. बेरजेचं प्रमाण विचलन म्हणजे १० गुणिले २ चं वर्गमूळ, १४.१ मायक्रॉन. त्याची तिप्पट ४२.४. नॉर्मल वितरणात तीन सिग्माच्या, म्हणजे तीन प्रमाण विचलनांच्या, बाहेर हजारी २.७ नग जातात. साहेबांना मी बेधडक सांगून टाकलं, हजारात तीन जोड्या बाद होतील, त्याहून जास्त नाही.

बाद होणाऱ्या जोड्या त्याच्या कितीतरी पट निघाल्या. मी आधी मायक्रोमीटरवर संशय घेतला, मग मोजणाऱ्या पोरावर. पोरगा बिचारा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. शेवटी जोड्यांची लांबी थेट मोजून तिचं प्रमाण विचलन काढलं, तर ते १४ च्या आसपासच आलं, म्हणजे माझ्या सूत्राने सांगितलं होतं तेवढंच. फैलाव बरोबर आणि रिजेक्शन चूक, हे कसं शक्य आहे ते मला कळेना. त्याचं उत्तर पुढच्या प्रयोगात आहे.

पहिली पायरी: एक नॉर्मल चल आणि एक नाणं

शीटमध्ये दुसऱ्या ओळीत ही चार सूत्रं भरा आणि १००१ व्या ओळीपर्यंत खाली ओढा, म्हणजे हजार ओळी होतील.

```
A2:  =NORM.S.INV(RAND())
B2:  =IF(RAND()<0.5,-1,1)
C2:  =A2*B2
D2:  =A2+C2
```

A स्तंभात X आहे, माध्य शून्य आणि प्रमाण विचलन एक असलेला साधा नॉर्मल चल. B स्तंभ म्हणजे नाणेफेक: छापा आला तर +1, काटा आला तर −1. C स्तंभात Y आहे. छापा असेल तर Y म्हणजे X जसाच्या तसा, काटा असेल तर X चं चिन्ह उलटं. D मध्ये दोघांची बेरीज.

एक सूचना आत्ताच देतो, कारण प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी इथे अडकतं. `RAND()` प्रत्येक वेळी काहीही टाइप केलं की नव्याने आकडे काढतं. आत्ता दिसलेली बेरीज पुढच्या क्षणी बदललेली असते आणि मुलांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून A आणि B स्तंभ भरून झाले की ते निवडा, कॉपी करा आणि त्याच जागी फक्त मूल्यं पेस्ट करा. आकडे गोठतात, मग निवांत तपासता येतं.

दुसरी सूचना माध्याबद्दल. इथे माध्य शून्य आहे म्हणून चिन्ह उलटवून चाललं. स्पेसरची लांबी २० मिलिमीटर असताना तिला −1 ने गुणलं तर उणे २० मिलिमीटरचा स्पेसर मिळेल, तो कुठल्याच लेथवर निघत नाही. तिथे उलटवायचं ते माध्यापासूनचं अंतर. २० पेक्षा ७ मायक्रॉन जास्त असेल तर ७ मायक्रॉन कमी करायचं. पुढे मी सगळीकडे माध्यापासूनच्या अंतराबद्दलच बोलणार आहे.

दुसरी पायरी: Y खरंच नॉर्मल आहे याची खात्री

इथे घाई करू नका. सगळा खेळ या पायरीवर उभा आहे, आणि नाणं मध्ये आल्यावर Y काहीतरी वेडावाकडा असणार अशी शंका येणं साहजिक आहे.

A स्तंभाचा हिस्टोग्राम काढा आणि C चा काढा. दोन्ही घंटा सारख्याच दिसतील. कारणही सोपं आहे. नॉर्मलची घंटा शून्याभोवती दोन्ही बाजूंनी सारखी असते. X ची शक्यता +१.३ च्या आसपास जेवढी, तेवढीच −१.३ च्या आसपास. म्हणून −X सुद्धा अगदी तसाच नॉर्मल. छाप्यावर Y = X, तो नॉर्मल. काट्यावर Y = −X, तोही तोच नॉर्मल. छापा पडो वा काटा, आकडे एकाच घंटेतून येत असतील तर दोन्ही प्रकार एकत्र ओतले तरी घंटा तीच राहणार. एकाच हंड्यातला चहा दोन किटल्यांतून ओतला म्हणून चव बदलत नाही.

तेव्हा X नॉर्मल, Y नॉर्मल, दोघांचं माध्य शून्य आणि प्रमाण विचलन एक. यात "अंदाजे" काही नाही, हे तंतोतंत खरं आहे.

तिसरी पायरी: आता बेरीज बघा

D स्तंभावर नजर टाका. पहिल्या वीस ओळींतच कळेल. कुठे ०, कुठे ०, मग १.८४, मग पुन्हा ०, मग −२.६, असं काहीतरी दिसेल. काटा पडला की X आणि −X एकमेकांना खाऊन टाकतात, बेरीज नेमकी शून्य. छापा पडला की बेरीज 2X.

```
=COUNTIF(D2:D1001,0)
```

उत्तर पाचशेच्या जवळपास येईल, कधी ४८०, कधी ५१५. जवळजवळ निम्मे आकडे एका बिंदूवर ठेवलेले. नॉर्मल वितरणात कुठल्याही एका नेमक्या आकड्याची शक्यता शून्य असते, आणि इथे शून्य या एका आकड्यावर निम्मं वजन बसलंय. त्यामुळे हा नॉर्मल असूच शकत नाही. याला नॉर्मलपणाची टेस्ट लावायचीसुद्धा गरज नाही.

आता नेहमीची सिद्धता कुठे तुटली ते बघू. बेरीज नॉर्मल असते हे दाखवताना आपण एका जागी म्हणतो की X एवढा आणि Y तेवढा असण्याची एकत्र शक्यता म्हणजे दोन शक्यतांचा गुणाकार. हा गुणाकार स्वातंत्र्यामुळेच करता येतो. आपल्या शीटमध्ये X = १.३ कळला की Y एक तर १.३ आहे नाही तर −१.३, तिसरा पर्याय नाही. अशा ठिकाणी गुणाकार करणं म्हणजे सरळ सरळ चूक.

चौथी पायरी: कोरिलेशन काय म्हणतं

वर्गात या टप्प्यावर एक हात हमखास वर येतो. "सर, पण X आणि Y चं कोरिलेशन शून्य असेल तर चालेल ना? मग ते स्वतंत्रच झाले की."

काढून बघा:

```
=CORREL(A2:A1001,C2:C1001)
```

शून्याच्या अगदी जवळचा आकडा येईल. हजार ओळींमध्ये ०.०५ इकडे-तिकडे होणं स्वाभाविक आहे. खरं मूल्य नेमकं शून्य आहे, कारण छाप्याच्या ओळींत X आणि Y चा गुणाकार X चा वर्ग असतो, काट्याच्या ओळींत उणे X चा वर्ग, आणि सरासरीत दोन्ही फिटतात.

म्हणजे कोरिलेशन शून्य आणि तरीही Y चा आकार X ने पूर्ण बांधलेला. A आणि C चा स्कॅटर आलेख काढलात तर मोठी फुली दिसेल, दोन तिरक्या रेषा मध्यभागी एकमेकींना छेदणाऱ्या. कोरिलेशन सरळ रेषेतलं नातं मोजतं. एक रेषा वर जाते, दुसरी तितकीच खाली येते, तेव्हा त्याला काहीच दिसत नाही. "कोरिलेशन शून्य म्हणजे स्वतंत्र" हे वाक्य नॉर्मल चलांसाठी पुस्तकात असतं खरं, पण तिथेही एक शब्द आहे जो वहीत उतरत नाही: दोघं *संयुक्तपणे* नॉर्मल असले पाहिजेत. वेगवेगळे नॉर्मल असून भागत नाही.

संयुक्तपणे नॉर्मल म्हणजे काय, तेही इथेच सांगतो. X आणि Y ला कुठलेही दोन स्थिरांक लावून बेरीज करा, 2X + 5Y म्हणा किंवा X − 3Y, प्रत्येक वेळी उत्तर नॉर्मल आलं पाहिजे (सगळं एकाच बिंदूवर गोळा होणं हा त्याचा टोकाचा प्रकार धरायचा). एकाही जोडीला ते फसलं तर संयुक्त नॉर्मलपणा गेला. आपल्या उदाहरणात पहिल्याच साध्या बेरजेला फसलं. उलट बाजूने सावध राहा: एक विशिष्ट बेरीज नॉर्मल आली म्हणून बाकीच्याही येतील असं नाही.

पाचवी पायरी: फैलाव तोच, शेपटी वेगळी

भोसरीचं कोडं आता सुटायला लागतं. D स्तंभाचं प्रमाण विचलन काढा, `=STDEV.S(D2:D1001)`. उत्तर १.४१ च्या आसपास, म्हणजे २ चं वर्गमूळ. सूत्राने सांगितलं तेच. यात आश्चर्य नाही, कारण बेरजेच्या व्हेरिअन्सच्या, म्हणजे प्रमाण विचलनाच्या वर्गाच्या, सूत्राला नॉर्मलपणा लागतच नाही. त्याला फक्त दोघांचे व्हेरिअन्स आणि कोरिलेशन लागतं, आणि ते आपण बरोबर दिलं होतं.

चूक त्यापुढच्या वाक्यात होती. प्रमाण विचलन १.४१, *म्हणून* तीन सिग्माच्या बाहेर हजारी २.७. हे "म्हणून" फक्त नॉर्मलला लागू आहे. मोजून बघा:

```
=SUMPRODUCT(--(ABS(D2:D1001)>3*SQRT(2)))
```

दोन-तीनच्या जागी पंधरा-वीसच्या घरातला आकडा येईल. हिशोबही छोटा आहे. निम्म्या वेळा बेरीज शून्य, ती कधीच बाहेर जात नाही. उरलेल्या निम्म्या वेळा ती 2X आहे, आणि 2X हा ४.२४ च्या बाहेर जायला X फक्त २.१२ च्या बाहेर जावा लागतो. नॉर्मल चल २.१२ च्या बाहेर हजारी ३४ वेळा जातो. त्याचे निम्मे, हजारी १७. वचन २.७ चं दिलं होतं, निघाले १७, म्हणजे सहापटीहून जास्त.

मध्यभागी प्रचंड गर्दी आणि दोन्ही टोकांना लांब शेपट्या, पण सरासरी फैलाव तोच. `=KURT(D2:D1001)` हेच एका आकड्यात सांगतं. नॉर्मलला ते शून्याच्या जवळ असतं, इथे ३ च्या आसपास येईल. फक्त हा आकडा फार उड्या मारतो. हजार ओळींवर २.५ आला किंवा ३.६ आला तरी गोंधळू नका.

सहावी पायरी: हाच खेळ उलट्या बाजूने

वरचं उदाहरण पाहून मुलांचा समज होतो की असं काही असलं की रिजेक्शन वाढणारच. तसं नाही. नाणं काढून टाका आणि C2 मध्ये हे घालून १००१ व्या ओळीपर्यंत खाली ओढा:

```
=IF(ABS(A2)<1.538,A2,-A2)
```

X मध्याजवळ असेल तर Y म्हणजे X, लांब गेला तर Y म्हणजे −X. दुसऱ्या पायरीतला समतोलाचा मुद्दा इथेही लागतो. लांबच्या उजव्या तुकड्याची आणि डाव्या तुकड्याची अदलाबदल केली, दोन्ही तुकडे सारखेच, म्हणून घंटा बदलली नाही. Y पुन्हा तंतोतंत नॉर्मल. १.५३८ हा आकडा मुद्दाम निवडला आहे, तिथे कोरिलेशन शून्य होतं. दुसरा आकडा घातलात तरी X आणि Y नॉर्मलच राहतील, फक्त कोरिलेशन बदलेल.

आता बेरीज बघा. X लांब गेला की ती शून्य, नाही तर 2X. म्हणजे बेरीज ३.०७६ च्या पलीकडे कधीच जाऊ शकत नाही. ४.२४ च्या बाहेर हजारात शून्य, लाखात शून्य, कोटीतही शून्य. शेपटीच कापली.

तेव्हा दोन स्तंभ तसेच नॉर्मल, कोरिलेशन तसंच शून्य, बेरजेचं प्रमाण विचलन तेच, आणि सूटीबाहेर जाणारे हजारी १७, २.७ किंवा ०. वेगवेगळ्या हिस्टोग्रामवरून आणि कोरिलेशनवरून यातलं कुठलं तुमचं आहे हे कळूच शकत नाही. माझ्या मते हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. बेरीज कुठल्या दोन स्तंभांची आहे याच्याइतकंच, कोण कुणाशेजारी बसलं आहे, यावरही ती ठरते.

याची खातरजमा करायची एक मजेदार युक्ती आहे. पहिल्या पायरीतलं नाण्याचं शीट पुन्हा घ्या. C स्तंभाची मूल्यं वेगळ्या पानावर पेस्ट करा, शेजारी `RAND()` चा स्तंभ लावून त्यानुसार क्रम लावा, आणि तो पिसलेला स्तंभ A शेजारी आणून बेरीज करा. एकही आकडा बदललेला नाही, फक्त जोड्या मोडल्या. बेरीज आता गुण्यागोविंदाने नॉर्मल येते आणि बाहेर जाणारे पुन्हा हजारी दोन-तीन.

सातवी पायरी: नाण्याच्या जागी पाळी

इथपर्यंत आल्यावर कुणीतरी म्हणतंच, "हे सगळं ओढूनताणून आणलेलं आहे. खऱ्या कामात नाणं कोण उडवतं?" भोसरीत पाळी उडवत होती.

मी आकड्यांत डोकं घालून बसलो होतो, तेव्हा लेथवरच्या एका काकांनी एकत्र कापून तारेत ओवलेल्या जोड्यांची माळ समोर धरली आणि म्हणाले, "साहेब, दिवसपाळीचे दोन्ही भाऊ सारखे असतात. एक मोठा तर दुसराही मोठा. रात्रीच्यात बघा, एक मोठा निघाला की दुसरा छोटा." मी माळ हातात घेऊन चार जोड्या मोजल्या. तसंच होतं.

कारण कापण्याच्या पद्धतीत होतं. दिवसपाळी लांब बारमधून एकाच स्टॉपरवर लागोपाठ दोन तुकडे कापायची. स्टॉपर थोडा सरकला की दोन्ही तुकडे एकाच बाजूला चुकायचे. रात्रपाळी आधी जोडीच्या लांबीचा तुकडा नीट मापात करून घ्यायची आणि मग पार्टिंग टूलने मधोमध कापायची. टूल जरा डावीकडे गेलं की एक छोटा आणि दुसरा तेवढाच मोठा. दोन्ही पाळ्यांचा माल मी एकाच वहीत उतरवला होता. दिवसाचं अधिक कोरिलेशन आणि रात्रीचं उणे कोरिलेशन मिळून शून्य झालं होतं. दोन्ही पाळ्यांत एकेका स्पेसरचा फैलाव जवळपास सारखा होता, म्हणून एकेकट्या हिस्टोग्रामलाही काही कळलं नाही.

खऱ्या मालात नातं इतकं कडक नसतं, म्हणून थोडा स्वतंत्र गोंगाट मिसळू. पायथन येत असेल तर हे चालवा:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng()
n = 100_000
X = rng.standard_normal(n)
Z = rng.standard_normal(n)
S = rng.choice([-1, 1], size=n)
Y = S * (0.8 * X + 0.6 * Z)
T = X + Y
print(np.corrcoef(X, Y)[0, 1])
print(np.std(T), np.mean(np.abs(T) > 3 * np.sqrt(2)))
print(np.corrcoef(X**2, Y**2)[0, 1])
```

०.८ चा वर्ग आणि ०.६ चा वर्ग मिळून १ होतात, म्हणून Y चं प्रमाण विचलन एकच राहतं आणि तो पुन्हा तंतोतंत नॉर्मल आहे. S अधिक म्हणजे दिवसपाळी, उणे म्हणजे रात्रपाळी. दिवसा कोरिलेशन +०.८, रात्री −०.८, एकत्र शून्य.

बेरजेचा व्हेरिअन्स दिवसा ३.६ आणि रात्री ०.४. दोघांची सरासरी २, म्हणून एकूण प्रमाण विचलन पुन्हा १.४१. मायक्रॉनमध्ये सांगायचं तर दिवसाच्या जोड्यांचा फैलाव १९, रात्रीच्या ६.३, आणि मी सगळ्यांना १४.१ लावून मोकळा झालो होतो. ४२.४ च्या बाहेर दिवसाच्या जोड्या हजारी २५ च्या आसपास जातात, रात्रीच्या जवळजवळ एकही नाही. सगळा माल मिळून हजारी १२-१३.

या वेळी शून्यावर ढीग नाही. हिस्टोग्राम गुळगुळीत आहे, फक्त मध्यभागी टोकदार आणि कडेला लांबलेला. नवख्या डोळ्याला तो "जरा उंच नॉर्मल" वाटतो. तीस-चाळीस जोड्यांवर टेस्ट लावलीत तर बऱ्याचदा ती काहीच आक्षेप घेणार नाही. शेपटीत पडणारी जोडी शंभरात एखादी, ती तीस जोड्यांत कुठून दिसणार?

आपल्या मालावर तपासताना

सगळ्यात पहिलं, मोजमाप जोडीने लिहा. पहिल्या स्पेसरची एक यादी आणि दुसऱ्याची वेगळी यादी ठेवलीत, क्रम जुळवला नाहीत, तर हवी ती माहिती नोंदवलीच गेली नाही. नंतर कुठलंही सूत्र ती परत आणू शकत नाही. जोडीबरोबर पाळी, मशीन आणि बॅचही लिहा. ते तुमचं लपलेलं नाणं असू शकतं.

मग स्कॅटर आलेख. संयुक्त नॉर्मल माल गोल किंवा तिरक्या लंबगोल ढगासारखा दिसतो. फुली, फुलपाखरू किंवा मध्येच उलटी वळलेली रेषा दिसली तर बेरजेचं नॉर्मल कोष्टक बाजूला ठेवा.

डोळ्यावर भरवसा नसेल तर एक सोपी आकडेमोड आहे. प्रत्येक चलाचं माध्यापासूनचं अंतर काढा, त्याचा वर्ग करा, आणि त्या दोन वर्गांच्या स्तंभांचं कोरिलेशन काढा. चल संयुक्तपणे नॉर्मल असतील तर हे उत्तर मूळ कोरिलेशनच्या वर्गाइतकं यायला हवं. मूळ कोरिलेशन शून्य, तर हेही शून्याजवळ. आपल्या पाळ्यांच्या उदाहरणात मूळ शून्य आणि वर्गांचं ०.६४. नाण्याच्या शीटवर तर ते थेट १ येतं, कारण दोघांचे वर्ग सारखेच. मला ही तपासणी आवडते, कारण ती स्प्रेडशीटच्या दोन जादा स्तंभांत होते. पण तिची मर्यादा लक्षात घ्या. आकडे जुळले नाहीत तर गडबड नक्की, जुळले तर फक्त ही एक गडबड नाही एवढंच कळतं.

आणि बेरीज थेट मोजता येत असेल तर थेट मोजा. दोनशे जोड्या मायक्रोमीटरखाली धरणं कंटाळवाणं आहे, पण त्यात कुठलंही गृहीतक नाही.

भोसरीत पुढे काय केलं ते सांगतो. साहेबांचा पहिला विचार होता की तारा काढून सगळे स्पेसर एका डब्यात ओतावेत आणि हाताला येतील तसे बसवावेत. तोडगा चुकीचा नव्हता. जोड्या मोडल्या असत्या, बेरीज नॉर्मल झाली असती आणि माझं हजारी २.७ खरं ठरलं असतं. पण काका म्हणाले, रात्रीच्या जोडीत एकाचं कमी ते दुसऱ्याचं जास्त असतं, तारेतून काढून ते घालवायचं कशाला? दिवसपाळीलाही रात्रीची पद्धत लावली आणि तारा तशाच राहिल्या. मोजणाऱ्या पोराला मी त्या दिवशी गाडीवरचा वडापाव खाऊ घातला.